परदेशात जन्मलेलं बाळ कोणत्या देशाचं? पासपोर्टचा अर्ज भरण्याआधी हे वाचा

आई भारतीय, वडील भारतीय, दोघांकडे भारताचा पासपोर्ट. मग बाळ टोरांटोत जन्मलं काय किंवा फ्रँकफर्टमध्ये जन्मलं काय, ते भारतीयच असणार, असं बहुतेकांना वाटतं. कायदा तसं म्हणत नाही. ३ डिसेंबर २००४ पासून नियम असा आहे की भारताबाहेर जन्मलेल्या मुलाच्या जन्माची नोंद भारतीय वकिलातीत झाली, तरच ते वंशाने भारतीय नागरिक होतं. आई-वडील दोघंही पक्के भारतीय असले तरी ही नोंद चुकत नाही.

पुढचा सगळा गुंता या एका वाक्यातून सुरू होतो. हा गुंता घरात कळतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. एक तर बाळ वर्षाचं होऊन गेलेलं असतं, नाहीतर घाईघाईत दुसऱ्या देशाचा पासपोर्ट काढून झालेला असतो. म्हणून नियमांची यादी देण्यापेक्षा एक जोडपं डोळ्यासमोर ठेवून सगळं पाहू. त्याआधी कायद्यात नेमकं काय लिहिलंय ते थोडक्यात सांगतो, कारण पुढे त्याची गरज पडेल.

कलम ४ काय म्हणतं

नागरिकत्व कायदा १९५५ चा. त्यातलं कलम ४ परदेशात जन्मलेल्या मुलांबद्दल आहे. सुरुवातीला फक्त वडील भारतीय असले तर मूल भारतीय ठरायचं, आईचं नागरिकत्व धरलंच जात नव्हतं. १० डिसेंबर १९९२ पासून आई किंवा वडील यांपैकी कोणीही एक भारतीय असलं तरी पुरतं. पुढे २००३ ची दुरुस्ती ३ डिसेंबर २००४ ला लागू झाली आणि नोंदणीची अट आली. ही नोंद जन्मापासून एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत व्हायला हवी. वर्ष उलटून गेलं असेल तर केंद्र सरकारची परवानगी लागते.

या अटीला आणखी एक अट जोडलेली आहे. आई-वडिलांनी लेखी जाहीर करायचं असतं की या मुलाकडे दुसऱ्या कोणत्याही देशाचा पासपोर्ट नाही. हे जाहीर केल्याशिवाय वकिलातीला नोंद करताच येत नाही.

इथे एक गोष्ट नीट वाचायला हवी. मुलाकडे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व नसावं, असं कायद्याने म्हटलेलं नाही. पासपोर्ट नसावा, एवढंच म्हटलंय. हा फरक मुद्दाम ठेवलेला आहे. कॅनडात जन्मलेलं मूल जन्मतःच कॅनडाचं नागरिक असतं. त्यात आई-वडिलांनी काही मागितलेलं नसतं, आणि ते नाकारण्याची सोयही त्या वयात नसते. म्हणून मूल अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांच्या आतलं, असेपर्यंत दोन्हीकडचं नागरिक असू शकतं, हे आपल्या कायद्याला मान्य आहे. त्याच कलमात पुढे लिहिलंय की अशा मुलाने वयात आल्यावर सहा महिन्यांत दुसऱ्या देशाचं नागरिकत्व सोडलं नाही, तर त्याचं भारतीय नागरिकत्व संपतं. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही हे खरं, पण अठरा वर्षांच्या आतल्या या मुलांसाठी कायद्याने थोडी जागा ठेवली आहे. ती जागा व्यवहारात किती अरुंद आहे, ते टोरांटोकडे गेल्यावर कळेल.

आधी फ्रँकफर्ट

समजा, नवरा-बायको दोघंही भारतीय. तीन वर्षांपूर्वी नोकरीसाठी जर्मनीला गेले. १० मार्च २०२५ ला फ्रँकफर्टमध्ये त्यांना मुलगी झाली. जर्मनीत नुसत्या जन्मामुळे नागरिकत्व मिळत नाही. परदेशी आई-वडिलांच्या मुलाला ते जन्मतः मिळायचं असेल तर दोघांपैकी एकाचं जर्मनीत पाच वर्षं कायदेशीर वास्तव्य हवं आणि त्याच व्यक्तीकडे कायमच्या वास्तव्याचा हक्कही हवा. पाच वर्षांची ही अट २७ जून २०२४ पासूनची आहे, त्याआधी आठ वर्षं लागत. आपल्या जोडप्याची तीनच वर्षं झाली आहेत, म्हणजे मुलगी जर्मन नाही.

मग ती कोण? भारतीय होण्याचा तिला हक्क आहे, पण नोंद होईपर्यंत ती भारतीयही नाही. तिच्याकडे कोणत्याच देशाचा पासपोर्ट नाही आणि तो मिळण्याचा एकच मार्ग आहे: भारतीय कॉन्सुलेट. असा प्रसंग असेल तर इथे निवड करण्यासारखं काहीच नसतं. नोंद करायची आणि लवकर करायची. जर्मनीतच नव्हे, आखाती देशांतही बहुतेक भारतीय कुटुंबांची परिस्थिती हीच असते, कारण तिथेही नुसत्या जन्माने नागरिकत्व मिळत नाही.

क्रम असा असतो. रुग्णालयातून जन्माची माहिती स्थानिक जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयाला जाते आणि तिथून जन्मदाखला मिळतो. जर्मनीत बहुभाषिक दाखला मागता येतो, तो मागूनच घ्यावा, म्हणजे भाषांतराचा खर्च आणि वेळ वाचतो. मग indiancitizenshiponline.nic.in या सरकारी संकेतस्थळावर वंशाने नागरिकत्वाच्या नोंदणीचा अर्ज भरायचा. नियमांत याला फॉर्म १ म्हणतात. अर्ज भरून झाला की तो छापून, सही करून, कागदपत्रांसह आपल्या भागाच्या वकिलातीत द्यायचा. सोबत बाळाचा जन्मदाखला, दोघांचे पासपोर्ट, त्या देशातले वास्तव्याचे परवाने, विवाह नोंदणीचा दाखला आणि पासपोर्ट नसल्याचं ते जाहीरपत्र. कोणत्या देशात कोणत्या कागदावर अपोस्टिलचा, म्हणजे कागद दुसऱ्या देशात ग्राह्य ठरवणारा, शिक्का लागतो हे ठिकाणानुसार बदलतं, ते त्या वकिलातीच्या संकेतस्थळावर पाहावं. नोंदणी आणि बाळाचा पहिला भारतीय पासपोर्ट ही दोन वेगळी कामं आहेत, पण अर्ज बरेचदा बरोबरच दिले जातात. लहान मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांसाठी असतो आणि त्यासाठी दोन्ही पालकांची संमतीची सही लागते.

आता वर्षाची मुदत. कायदा म्हणतो की *नोंद* वर्षाच्या आत व्हावी. अर्ज वर्षाच्या आत द्यावा असं त्यात नाही. १० मार्च २०२५ चं बाळ असेल तर फेब्रुवारी २०२६ मध्ये कागद गोळा करायला बसणं धोक्याचं आहे. भेटीची वेळ मिळायला दिवस जातात, एखादा कागद परत येतो, नवऱ्याच्या पासपोर्टवर बायकोचं नाव नाही म्हणून विचारणा होते. तसंही पासपोर्टवाचून बाळाला कुठे नेता येत नाही आणि स्थानिक वास्तव्याचा परवानाही अडतो. जर्मनीत परवान्याचा अर्ज जन्मापासून सहा महिन्यांत करावा लागतो. संयुक्त अरब अमिरातीत नवजात बाळाच्या व्हिसासाठी १२० दिवस मिळतात, नंतर दंड सुरू होतो. म्हणून वर्षाकडे न बघता पहिल्या दोन-तीन महिन्यांतच हे काम उरकलेलं बरं.

नावाचं प्रकरण

काम अडण्याचं सगळ्यात मोठं कारण कायद्यात नाही, नावात असतं. मराठी घरांत ते हमखास निघतं, म्हणून इथे जरा थांबतो.

आपण मुलीचं नाव, मग वडिलांचं नाव, मग आडनाव असं लिहितो. युरोपातल्या नोंदणी कार्यालयाला ही पद्धत माहीत नसते. त्यांच्याकडे नावाला आणि आडनावाला एकेक रकाना असतो. वडिलांचं नाव मध्ये घातलं तर ते मुलीचं दुसरं नाव म्हणून नोंदलं जातं. नाही घातलं तर दाखल्यावर फक्त नाव आणि आडनाव येतं. दोन्ही चालतं, पण कोणतं ते आधी ठरवा, कारण दाखल्यावर जे येईल तेच वकिलातीच्या नोंदीत आणि पासपोर्टवर जाणार. मागाहून भारतात शाळेत घालताना किंवा आधार काढताना वडिलांचं नाव मध्ये हवं असं वाटलं तर परदेशातला मूळ दाखला बदलून घ्यावा लागतो. तो सहज बदलत नाही.

दुसरी अडचण आईच्या नावाची. लग्नानंतर विवाहपत्रावर एक नाव, पासपोर्टवर माहेरचं नाव, परदेशातल्या परवान्यावर तिसरंच काहीतरी. नोंदणी कार्यालय आईचं नाव तिच्या पासपोर्टवरून घेतं. विवाह दाखल्यावरचं नाव त्याच्याशी जुळलं नाही तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र मागतात. बाळ यायच्या आधी, सातव्या-आठव्या महिन्यात, दोघांनी आपले सगळे कागद टेबलावर मांडून नावांची अक्षरं ताडून पाहिली तर पुढे फार धावपळ वाचते. पासपोर्टवर जोडीदाराचं नाव घालायचं राहिलं असेल तर तेही याच काळात उरकून घ्यावं. बाळ घरी आल्यावर कागद शोधायला कोणालाच उसंत नसते.

आता तेच जोडपं टोरांटोत

हेच नवरा-बायको जर्मनीऐवजी कॅनडात गेले असते तर? दोघंही वर्क परमिटवर, अजून कायमचे रहिवासी नाहीत. तरीही १० मार्च २०२५ ला टोरांटोत जन्मलेली मुलगी कॅनडाची नागरिक आहे. कॅनडात राजनैतिक अधिकाऱ्यांच्या मुलांसारखे अपवाद सोडले तर तिथे जन्मलेल्या प्रत्येकाला नागरिकत्व मिळतं. आई-वडिलांचा व्हिसा कोणता आहे हे त्यात पाहत नाहीत.

म्हणजे मुलीपुढे दोन वाटा आहेत. एक, कॅनडाचा पासपोर्ट काढायचा आणि भारतासाठी ओसीआय, म्हणजे ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, हे आजीवन परवान्याचं कार्ड घ्यायचं. दुसरी, कॅनडाचा पासपोर्ट काढायचा नाही, टोरांटोच्या भारतीय कॉन्सुलेटमध्ये वर्षाच्या आत जन्माची नोंद करायची आणि भारतीय पासपोर्ट घ्यायचा. दोन्ही पासपोर्ट एकाच वेळी ठेवणं ही तिसरी वाट नाही. पासपोर्ट नसल्याचं जाहीरपत्र देऊन मग गुपचूप दुसरा पासपोर्ट काढणारे लोक आहेत, आणि त्यांना हा साधा शॉर्टकट वाटतो. कायद्याच्या कलम १७ मध्ये नागरिकत्वासाठी खोटी माहिती दिल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. मुलाच्या आयुष्याची सुरुवात अशा कागदावर करू नये, असं मला मनापासून वाटतं.

दुसरी वाट कागदावर सुंदर दिसते. मुलगी भारतीय राहते, आणि कॅनडाचं नागरिकत्वही कुठे जात नाही, अठराव्या वर्षी ठरवता येईल. भावनेच्या पोटी पुष्कळ आई-वडील हीच निवडायला निघतात. पण पहिल्याच प्रवासात तिची मर्यादा समोर येते.

समजा, हिला भारतीय पासपोर्टवर आजी-आजोबांना भेटायला नेलं. भारतात उतरायला काहीच अडचण नाही. महिन्याभराने परत निघाले. आई-वडिलांकडे कॅनडाचा व्हिसा आहे, मुलीकडे नाही. विमान कंपनी तिला चढू देणार नाही. मग तिचा व्हिसा काढू म्हणावं, तर कॅनडा आपल्याच नागरिकाला व्हिसा देत नाही. विमानाने कॅनडात परतणाऱ्या नागरिकाने कॅनडाचाच वैध पासपोर्ट दाखवावा, हा नियम २०१६ पासून दुहेरी नागरिकांनाही काटेकोरपणे लावला जातो. म्हणजे तिला परत आणायला कॅनडाचा पासपोर्ट काढावाच लागेल, आणि तो काढला की भारतीय पासपोर्ट ठेवता येणार नाही. अमेरिकेचा कायदा याहून पुढे जातो: अमेरिकी नागरिकाने देशात येताना आणि देशातून बाहेर पडतानाही अमेरिकेचाच पासपोर्ट वापरावा.

म्हणून या देशांत राहणाऱ्या कुटुंबाने स्वतःला एकच प्रश्न विचारावा: पुढची काही वर्षं आपण मुलासकट इथे परत येणार आहोत का? उत्तर हो असेल तर भारतीय पासपोर्टची वाट व्यवहारात बंदच आहे, मग तिथला पासपोर्ट आणि ओसीआय हेच सरळ. उत्तर नाही असेल, म्हणजे सगळं आवरून भारतात परत जायचंच ठरलं असेल, तर नोंद करून भारतीय पासपोर्ट घेणं शहाणपणाचं ठरू शकतं. मुलगी भारतात भारतीय म्हणून वाढते, आधारापासून शाळा-कॉलेजच्या प्रवेशापर्यंत कुठेही वेगळी ठरत नाही.

अठरावं वर्ष आणि सहा महिने

दुसरी वाट घेतलेल्या मुलीचं पुढे काय होतं, तेही पाहून ठेवायला हवं. १० मार्च २०४३ ला ती अठरा वर्षांची होईल. तिथून सहा महिन्यांत, म्हणजे १० सप्टेंबर २०४३ पर्यंत, तिने कॅनडाचं नागरिकत्व सोडलं नाही तर कायद्याने ती भारतीय राहत नाही. कॅनडाचा पासपोर्ट कधी काढलाच नव्हता, ही सबब इथे चालत नाही, कारण या पोटकलमात शब्द नागरिकत्व हा आहे.

पण अडचण अशी की नागरिकत्व सोडण्याचा अर्ज कॅनडा अठरा वर्षांच्या आतल्या व्यक्तीकडून घेत नाही. म्हणजे आधी तयारी करून ठेवता येते, अर्ज मात्र वाढदिवसानंतरच. अर्जासोबत दुसऱ्या देशाचं नागरिकत्व असल्याचा पुरावा लागतो, आणि अर्ज करणारी व्यक्ती कॅनडात राहत नसावी लागते. निकाल यायला महिने जातात. त्यामुळे बारावी झालेल्या मुलीला हे सगळं पहिल्याच आठवड्यात करावं लागेल, आणि ते घरात कोणीतरी तिला वेळेवर सांगितलेलं असावं लागेल. जन्माच्या वेळी केलेल्या नोंदीची फाइल, तिची प्रत आणि ही तारीख एकत्र ठेवा. अठरा वर्षांनी ती कोण शोधणार, असं म्हणून चालणार नाही.

जर्मनीतल्या कुटुंबाचीही एक गोष्ट इथेच सांगतो, कारण ती लक्षात येत नाही. आपलं फ्रँकफर्टचं जोडपं तिथेच राहिलं, पाच वर्षं पूर्ण झाली, कायमचा परवाना मिळाला आणि मग दुसरं मूल झालं, तर ते मूल न मागता जन्मतःच जर्मन असेल. थोरली भारतीय, धाकटा जर्मन. जर्मनीने २०२४ पासून दुहेरी नागरिकत्वाला मोकळीक दिली आहे, पण भारताने दिलेली नाही. त्यामुळे धाकट्याच्या बाबतीत टोरांटोचाच हिशेब लागू होतो, थोरलीचा अनुभव त्याला उपयोगी पडत नाही. भाऊ-बहीण म्हणजे कागदही सारखेच, असं धरून चालू नका.

ओसीआय म्हणजे काय आणि काय नाही

ओसीआयच्या पूर्ण नावात नागरिक हा शब्द आहे, म्हणून गैरसमज होतो. ओसीआय कार्ड असलेली मुलगी भारताची नागरिक नसते. ती परदेशी नागरिक असते आणि तिला भारतात आयुष्यभर कितीही वेळा यायचा, राहायचा परवाना असतो. दोन्ही पालक भारतीय असलेल्या किंवा एक पालक भारतीय असलेल्या परदेशी मुलाला ते मिळतं, हे कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. आई-वडील अजून भारतीयच आहेत, मग मुलाला ओसीआय कसं मिळेल, असं काही लोक विचारतात. मिळतं.

रोजच्या जगण्यात या कार्डाने फारसं काही अडत नाही. राहणं, शाळा, खासगी नोकरी, घर विकत घेणं, सगळं चालतं. मतदान नाही, निवडणूक लढवता येत नाही, सरकारी नोकरी सर्वसाधारणपणे नाही, आणि शेतजमीन, मळा किंवा फार्महाउस विकत घेता येत नाही. वारशाने आलेल्या शेतीची गोष्ट वेगळी, ती मिळू शकते. गावाकडे जमीन असलेल्या घरांनी हे लक्षात घ्यावं.

मोठा फरक पडतो तो बारावीनंतर. ४ मार्च २०२१ ला गृह मंत्रालयाने काढलेल्या अधिसूचनेनुसार नीट, जेईईसारख्या परीक्षांतून होणाऱ्या प्रवेशांसाठी ओसीआय विद्यार्थ्यांना अनिवासी भारतीयांच्या बरोबरीने धरलं जातं. ज्या जागा फक्त भारतीय नागरिकांसाठी राखलेल्या आहेत, त्यांवर त्यांना प्रवेश नाही. याविरुद्ध विद्यार्थी सर्वोच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की ही अधिसूचना पुढच्यांना लागू होईल, तिच्या आधी ओसीआय कार्ड मिळालेल्यांचे जुने हक्क राहतील. आज जन्मलेल्या बाळाचं कार्ड अर्थातच नव्या नियमात येतं. मूल लहानपणीच भारतात येऊन इथेच वाढलं, सगळं शिक्षण इथे झालं, तरी वैद्यकीय प्रवेशाच्या वेळी ते अनिवासी कोट्याच्या रांगेत उभं राहील, आणि त्या जागांची फी आपल्याला माहीत आहे. भारतात परत यायचं पक्कं असलेल्या आई-वडिलांनी ओसीआय निवडण्याआधी विचार करायचा तो याच मुद्द्यावर.

कार्ड सांभाळण्याचंही एक छोटं काम असतं. वीस वर्षांचं होईपर्यंत मुलाचा पासपोर्ट जितक्या वेळा नवा होईल तितक्या वेळा त्याची प्रत आणि नवा फोटो ओसीआयच्या संकेतस्थळावर चढवायचा. विसाव्या वर्षानंतर नवा पासपोर्ट आला की एकदा कार्डही नवं करून घ्यायचं.

वर्ष निघून गेलं असेल तर

नोंद राहून गेली म्हणून सगळं संपलं असं नाही. अर्ज त्याच वकिलातीत, उशिराचं कारण लेखी देऊन करायचा. ते प्रकरण केंद्र सरकारकडे परवानगीसाठी जातं आणि परवानगी आल्यावर नोंद होते. वेळ लागतो, आणि तोपर्यंत मूल पासपोर्टविना असतं. म्हणून कारण मोघम लिहू नका. आजारपण असेल तर त्याचे कागद लावा, दाखला उशिरा मिळाला असेल तर त्याची तारीख दाखवा.

एक चूक मात्र टाळा. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा एक वेगळा कायदा आहे. परदेशात जन्मलेल्या बाळासह आई-वडील कायमचे भारतात परतले तर साठ दिवसांत इथल्या निबंधकाकडे त्या जन्माची नोंद करता येते, अशी तरतूद त्यात आहे. तिच्यामुळे महापालिकेचा दाखला हाती येतो आणि लोकांना वाटतं की काम झालं. पण नागरिकत्वाच्या कायद्यातल्या कलम ४ ची अट वकिलातीतल्या नोंदीची आहे. महापालिकेचा दाखला जन्म कधी आणि कुठे झाला ते सांगतो, नागरिकत्व देत नाही. परदेशात असताना वकिलातीची नोंद झाली आहे ना, हे विमानात बसण्याआधी पाहा.

परदेशी पासपोर्ट घेतला, मग भारतात परतलो

टोरांटोची मुलगी कॅनडाच्या पासपोर्टवर आणि ओसीआयवर भारतात आली, आणि दोन-तीन वर्षांत घरच्यांनी ठरवलं की आता इथेच राहायचं. तिला भारतीय करता येतं का? येतं. कॅनडाचा पासपोर्ट काढला म्हणून कलम ४ ची वाट बंद झालेली असते, पण कलम ५ मध्ये नोंदणीने नागरिकत्व मिळवण्याची वेगळी वाट आहे. भारतीय नागरिकांच्या अज्ञान मुलांसाठी त्यात स्वतंत्र पोटकलम आहे, ५(१)(ड). अर्ज त्याच सरकारी संकेतस्थळावर भरायचा आणि राहत्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात कागद द्यायचे. तिथून चौकशी होऊन प्रकरण वर जातं. मंजुरीच्या टप्प्यावर दुसऱ्या देशाचं नागरिकत्व सोडल्याचा पुरावा मागितला जाऊ शकतो, आणि कॅनडासारखा देश अज्ञान मुलाचं नागरिकत्व सोडून देत नाही. ही गाठ कुठल्या देशाच्या बाबतीत कशी सुटते हे अर्ज करण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयात आणि त्या देशाच्या दूतावासात, दोन्हीकडे विचारून घ्यावं. दोन अटी मात्र सगळ्यांना सारख्या आहेत. अर्जाच्या वेळी मूल अठरा वर्षांच्या आत असायला हवं आणि आई-वडील तेव्हाही भारतीय असायला हवेत. पालकांनी मधल्या काळात दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं असेल, तर हे पोटकलम त्या मुलासाठी उरत नाही.